सरळ जोर की खालची कक्षा?

सांगलीतल्या एका अकरावीच्या मुलीने विचारलं, "सर, अंतराळ स्थानक यानाच्या 100 किमी पुढे आहे. यान सरळ त्याच्याकडे पळवायचं, की आधी खाली उतरवायचं?"

सरळ जोर लावणं सोपं वाटतं. पण 400 किमी उंचीवर वेग सेकंदाला 10 मीटरने वाढवला, की यान काही मिनिटं पुढे सरकतं, मग वर चढतं. कक्षा मोठी, फेरी लांब. एका फेरीअखेर ते आणखी सुमारे 165 किमी मागे पडतं. जून 1965 मध्ये अमेरिकेच्या जेमिनी 4 यानातल्या अंतराळवीर मॅकडिव्हिटने रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याचा असाच पाठलाग केला. बरंच इंधन गेलं, टप्पा हाती लागला नाही.

10 किमी खाली उतरायला मात्र सेकंदाला जेमतेम 6 मीटर वेग कमी करावा लागतो, परत वर यायला तेवढाच वाढवावा लागतो. खाली उतरताना यान उलट वेग पकडतं; तिथे कक्षा लहान आणि वेग जास्त, म्हणून दर फेरीला, म्हणजे दीड तासात, स्थानकापासूनचं अंतर सुमारे 94 किमीने कमी होतं. अट एकच: वर चढण्याची वेळ अचूक साधायची, नाहीतर यान स्थानकाखालून पुढे निघून जातं.

अंतर किलोमीटरांत असेल तर खालची कक्षाच घ्यावी. शेवटच्या शंभरेक मीटरला सरळ जोर चालतो, कारण तेवढ्या थोड्या मिनिटांत कक्षेचा फरक फारसा साचत नाही.