दाबून बंद होणारे पाऊच आणि मानेची उशी : सात महिन्यांनंतर

आमच्या ह्यांचा सांगलीत हळदीचा व्यापार. महिन्यातून दोनदा तरी निजामाबाद नाहीतर ईरोडला जावं लागतं. म्हणून दिवाळीला मी त्यांच्यासाठी कपडे दाबून भरायच्या पाऊचचा सेट घेतला, 1,450 रुपयांना. सोबत एक मानेची उशी. पाऊचला पहिल्या महिन्यात मी पाच तारे दिले होते, ते आज मागे घेते.

चौथ्या महिन्यात पहाटे स्वारगेटला उतरताना मोठ्या पाऊचची दुसरी चेन, म्हणजे बंद केलेलं पाऊच दाबून चपटं करणारी, मागून उकलली. रनर पुढे सरकत होता, पण मागे दात जुळत नव्हते. कंपनीला फोटो पाठवले, तर उत्तर आलं, "वॉरंटी कापडाला आहे, चेनला नाही." दाबणारं पाऊच विकायचं आणि दाबणाऱ्या चेनचीच हमी द्यायची नाही? मी तीन वेळा लिहिलं. काही उपयोग झाला नाही.

शेवटी बाजारात बॅगा दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेले. ते म्हणाले, "वहिनी, दात शाबूत आहेत. ओढून ओढून रनरचं तोंड फाकलंय." नवा रनर घातला, वीस रुपये घेतले. दात तुटले असते तर अख्खी चेन बदलावी लागली असती. त्यांनीच सांगितलं की कपडे दाबायचं काम रनरकडून करून घ्यायचं नाही. आता ह्यांची पद्धत अशी: पाऊच पाऊणच भरायचं, चार शर्ट आणि दोन पँट. आधी आतली चेन लावायची. मग तळहाताने हवा काढत दुसरी चेन हळूहळू फिरवायची आणि कोपऱ्यावर बोटाने कापड आत ढकलायचं. तेव्हापासून तीन महिने चेन धड आहे.

तरी घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, कपडे दाबले की जागा वाचते, वजन तेवढंच राहतं. विमानात हातातल्या बॅगेला सात किलोची मर्यादा असेल तर रिकामी झालेली जागा भरायचा मोह महागात पडतो. आणि सुती शर्टाला अशा घड्या पडतात की उतरल्यावर इस्त्री शोधावी लागते. बनियन, टॉवेल, स्वेटर यांना मात्र हे छान.

उशीबद्दल मात्र माझं मत उलट दिशेने बदललं. आधी ती पडूनच होती, कारण मागच्या जाड भागाने डोकं आणखी पुढे ढकललं जायचं. मुलीने उशी उलटी फिरवून जाड भाग हनुवटीखाली घेतला. बसून झोपलं की डोकं पुढे पडतं, आधार तिथेच हवा. आता पुण्यापर्यंतच्या बसमध्ये ह्यांना झोप लागते, मान आखडत नाही.

भाच्याला नोकरी लागली, फिरतीची आहे. त्याला एकाच चेनचे साधे पाऊच घेतले, अर्ध्या किमतीत, आणि उरलेल्या पैशांत उशी.