अपॉइंटमेंट लेटरवरून पगाराचा तक्ता भरणारं सॉफ्टवेअर: काही महिने वापरल्यानंतर

मी बडोद्यात पेरोलचं काम करतो. मकरपुरा आणि वाघोडिया भागातले मध्यम आकाराचे कारखाने आमच्याकडे पगारपत्रक सोपवतात. नवा क्लायंट आला की पहिलं काम ठरलेलं: सगळ्यांची अपॉइंटमेंट लेटर मागवायची आणि त्यातले भत्ते, कपाती, बोनसच्या अटी सेटअप शीटमध्ये चढवायच्या. गेल्या वर्षीपासून यासाठी आम्ही पीडीएफ वाचून रकाने भरून देणारं एक सॉफ्टवेअर भाड्याने घेतलं आहे. नाव मुद्दाम देत नाही. खालच्या तक्रारी एका कंपनीवर राग काढण्यासाठी नाहीत, असलं कोणतंही साधन घेताना काय तपासायचं त्यासाठी आहेत.

आधी चांगलं सांगतो. कॉम्प्युटरवर टाइप केलेली, इंग्रजीतली, शेवटी पगाराचं परिशिष्ट जोडलेली पत्रं ते फार झटपट वाचतं. आकडे जवळजवळ नेहमी बरोबर येतात. प्रत्येक आकड्यासमोर पान क्रमांक येतो आणि त्यावर टिचकी मारली की मूळ ओळ पिवळी होऊन समोर येते. या एका सोयीसाठीच आम्ही ते टिकवलं. पान क्रमांक न देणारं साधन फुकट मिळालं तरी घेऊ नका, कारण तपासायला पुन्हा अख्खं पत्र वाचावं लागतं आणि मग वाचलं काय?

अडचण आकडा वाचण्यात नाही, तो कोणत्या खान्यात बसतो यात आहे. एक पत्र घेऊ. 2023 मधलं, स्टाफमधल्या माणसाचं, सीटीसी, म्हणजे कंपनीला त्या माणसावर येणारा एकूण खर्च, महिना 30,000. परिशिष्टात एकाखाली एक ओळी अशा: बेसिक 14,000, घरभाडं 5,600, कन्व्हेयन्स 1,600, स्पेशल अलाउन्स 5,864, स्टॅच्युटरी बोनस 583, पीएफ 1,680, ग्रॅच्युइटी 673. खाली बेरीज 30,000. मधे कुठे रेघ नाही, ‘कंपनीचा हिस्सा’ असं उपशीर्षक नाही.

सॉफ्टवेअरने सातही ओळी कमाईत टाकल्या. ग्रॉस आला 30,000. वर कपातीच्या कलमात ‘पीएफ नियमाप्रमाणे कापला जाईल’ असं वाचून कपातीतही 1,680 धरले. म्हणजे कंपनीने भरायचा पीएफ माणसाच्या हातात पगार म्हणून, आणि ग्रॅच्युइटी, जी नोकरी सोडताना मिळायची, ती दर महिन्याला. खरा मासिक ग्रॉस पहिल्या चार ओळींचा, 27,064. त्यातून कर्मचाऱ्याचा पीएफ 1,680 आणि गुजरातचा प्रोफेशनल टॅक्स 200 गेला की हातात 25,184. 2023 च्या नियमांप्रमाणे ग्रॉस 21,000 च्या वर होता म्हणून ईएसआयचा प्रश्न नव्हता.

गंमत अशी की बेरीज तपासून ही चूक कधीच सापडत नाही. सगळं कमाईत टाकलं तरी बेरीज 30,000 च येते आणि शीट हिरवी दिसते. पहिल्याच आठवड्यात आमच्या ऑफिसातला नवा मुलगा ‘टोटल टॅली होतंय की’ म्हणून निर्धास्त होता. म्हणून आम्ही उलटी तपासणी लावली. पत्रात सीटीसी हा शब्द असेल तर कंपनीच्या हिश्श्याचा निदान एक तरी आकडा वेगळा निघालाच पाहिजे. आमच्या शीटमध्ये A मध्ये कर्मचारी कोड, D मध्ये प्रकार, कंपनीच्या हिश्श्यासाठी EMPR, आणि E मध्ये रक्कम असते:

```
=IF(SUMIFS(E:E,A:A,A2,D:D,"EMPR")=0,"CHECK","")
```

CHECK आलं की पत्र माणसाने उघडायचं. सीटीसी आणि ग्रॉस यांच्यातला फरक या पत्रात 2,936 येतो: पीएफ, ग्रॅच्युइटी आणि बोनस. फरक शून्य दिसला तर हमखास गडबड.

दुसरी अडचण खास आमच्या गुजरातची, आणि इथे कोणत्याही बाहेरच्या साधनाला मी फारसा दोष देत नाही. स्टाफच्या पत्रातला स्पेशल अलाउन्स म्हणजे उरलेली रक्कम: बेसिक, घरभाडं ठरवलं, बाकी जे राहिलं ते तिथे ढकललं. पण कामगारांच्या पत्रात हाच शब्द किमान वेतनातून येतो. गुजरातच्या किमान वेतनात मूळ दर आणि त्यावर महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे दर सहा महिन्यांनी बदलणारा स्पेशल अलाउन्स असे दोन भाग असतात. गुजराती पत्रात तो कधी ‘खास भथ्थुं’ तर कधी ‘मोंघवारी भथ्थुं’ म्हणून येतो. तो नावाने भत्ता असला तरी कामाने डीए आहे आणि पीएफसाठी बेसिकबरोबरच धरायचा. सॉफ्टवेअर दोन्हींना एकाच डब्यात टाकतं. मग कामगाराचा पीएफ नुसत्या मूळ दरावर निघतो आणि एप्रिल किंवा ऑक्टोबरात दर बदलले की आकडा तसाच गोठलेला राहतो. ओळखायची खूण सोपी आहे: पगार रोजावर लिहिलेला असेल, किंवा 26 ने गुणलेला दिसला, तर तो स्पेशल अलाउन्स डीए समजून पुढे जायचं आणि क्लायंटला विचारायचं. क्लायंटकडच्या एच.आर.च्या बेन पहिल्यांदा म्हणाल्या, “अरे भाई, बेउ एकज छे ने!” नाहीत हो बेन, एक नाहीत.

स्टाफच्या स्पेशल अलाउन्सवर पीएफ लागतो का, हा वेगळा वाद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी 2019 च्या निकालानंतर सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता पीएफच्या बेसिकमध्ये धरावा लागतो. तसं पाहिलं तर वरच्या पत्रातल्या माणसाचा पीएफ 15,000 च्या मर्यादेवर 1,800 व्हायला हवा, पत्रात मात्र 1,680 आहे. आता काय लिहायचं? आमचा नियम: ‘पत्रात लिहिलेलं’ या रकान्यात 1,680 च, आणि शेजारच्या ‘पगारात धरायचं’ या रकान्यात क्लायंटने मेलवर कळवलेला आकडा. सॉफ्टवेअरमध्ये हा दुसरा रकाना नव्हता, आम्ही तो शीटमध्ये हाताने जोडला. पत्रातला आकडा कुणी परस्पर सुधारला की नंतर तो कुठून आला हे सांगणारं कोणी उरत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून श्रम संहितांची वेतनाची व्याख्या आल्यावर तर हे आणखी उपयोगी पडलं. वगळलेल्या भत्त्यांचा वाटा निम्म्याच्या वर गेला की वरचा भाग वेतनात धरावा लागतो. ते मोजायला प्रत्येक भत्त्याची जात शीटमध्ये नीट लिहिलेली असावी लागते. जुन्या शीटमध्ये नुसतं ‘अलाउन्स 1, अलाउन्स 2’ लिहिलेल्या क्लायंटचं सगळं पुन्हा बसवावं लागलं.

आता बोनस. इथे सॉफ्टवेअर खरंच कच्चं आहे. त्याच पत्रातला 583 हा आकडा पाहा. तो 7,000 वर 8.33 टक्के आहे, म्हणजे 1965 च्या बोनस कायद्यातला किमान बोनस. कारखाना तो दिवाळीच्या आधी एकरकमी देतो, महिन्याला नाही. सॉफ्टवेअरने तो मासिक कमाईत टाकला होता. तसाच राहिला असता तर माणसाला वर्षभरात 6,996 मिळून गेले असते आणि दिवाळीत पुन्हा तेवढेच. पत्रात ‘मासिक’ मथळ्याखाली आकडा दिसला म्हणून तो दर महिन्याला द्यायचा, असं होत नाही. ‘आगाऊ’ किंवा ‘दरमहा दिला जाईल’ असं वाक्य असेल तरच मासिक. शिवाय कायद्यात 7,000 किंवा किमान वेतन, जे जास्त ते, असा आधार होता. त्यामुळे 583 दिसला की शेरा मारून क्लायंटला विचारायचंच.

वर ‘बोनस लागू’ हा रकाना. सॉफ्टवेअरने ग्रॉस 27,064 पाहून ‘नाही’ भरलं. त्या कायद्यात 21,000 ची मर्यादा बेसिक आणि डीएवर होती, घरभाडं त्यात येत नव्हतं. या माणसाचं बेसिक 14,000, डीए नाही. म्हणजे तो पात्र होता. हा रकाना आम्ही बंदच करून टाकला.

तिसऱ्या पानावर आणखी एक बोनस होता. मजकूर असा: वार्षिक मूल्यमापनानंतर, व्यवस्थापनाच्या मर्जीनुसार, वार्षिक बेसिकच्या दहा टक्क्यांपर्यंत प्रोत्साहन रक्कम, देण्याच्या दिवशी नोकरीत असणं आवश्यक. शीटमध्ये आलं: ‘बोनस 10%’. कशाच्या दहा टक्के? बेसिकच्या धरले तर वर्षाला जास्तीत जास्त 16,800, सीटीसीच्या धरले तर 36,000. ‘पर्यंत’ गेलं, मर्जी गेली, नोकरीत असण्याची अट गेली. आता आम्ही बोनससाठी एकाऐवजी चार रकाने ठेवतो: किती, कशावर, कधी, कोणत्या अटीवर. सॉफ्टवेअरला हे चार स्वतंत्र प्रश्न म्हणून दिले की उत्तरं बरीच सुधारतात. ‘कशावर’ रिकामं आलं तर ते रिकामंच ठेवतो, अंदाजाने भरत नाही.

जॉइनिंग बोनसचंही तसंच. ‘25,000, बारा महिन्यांच्या आत सोडल्यास परत’ अशी ओळ असेल तर ती एकाच वेळी कमाई आणि पुढची संभाव्य कपात असते. सॉफ्टवेअर फक्त पहिला अर्धा भाग उचलतं, कारण वसुलीचं वाक्य बहुतेक वेळा नोटीस पिरियडच्या कलमात, दोन पानं पुढे असतं. शेवटच्या तारखेसह वसुलीची वेगळी ओळ हाताने घालावी लागते.

स्कॅन केलेल्या गुजराती पत्रांबद्दल थोडक्यात: अजिबात भरवसा ठेवू नका. गुजरातीत दोनचा आकडा आणि ‘र’ हे अक्षर डोळ्यांनाही जवळजवळ सारखंच दिसतं, पाच आणि ‘प’ यांचंही तेच. शिक्का आकड्यावर पडला असेल तर विचारूच नका. अशी पत्रं आम्ही थेट हाताने चढवतो, त्यात वेळ कमी जातो.

वर्गणी आम्ही पुढच्या वर्षासाठीही भरली आहे, पण सर्वांत स्वस्त योजनेची. पीएफ, बोनस, पात्रता आपोआप ठरवून देणारी महागडी योजना घेतली नाही. आम्हाला पत्रातली ओळ आणि पान क्रमांक एवढंच हवं असतं. दिवसाला एखाद-दुसरं पत्र येणाऱ्या छोट्या ऑफिसने तेवढ्यासाठीही खर्च करू नये, पत्र समोर ठेवून चार रकाने हाताने भरावेत.