कुंडली अ‍ॅपवर दशा आणि गोचर एकत्र पाहताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

पत्रिका काढणं, नवमांश, अष्टकवर्ग या गोष्टी आता प्रत्येक अ‍ॅपमध्ये असतात, त्यावर लिहीत नाही. हा अनुभव फक्त भविष्याच्या पानाचा आहे, कारण पैसे भरून घेतलेल्या अहवालात सगळ्यात जास्त चीड आणणारं पान तेच आहे. कुंभ राशीच्या माणसाला हे अ‍ॅप दर आठवड्याला सांगतं, "साडेसातीचा तिसरा टप्पा, खर्च सांभाळा." त्याची कोणती महादशा चालू आहे हे दुसऱ्या टॅबमध्ये असतं. दोन्ही टॅबचा एकमेकांशी काही संबंध नाही.

जाणकार ज्योतिषी असं भाकीत हातातसुद्धा धरणार नाही. त्याची रीत साधी असते. मूळ कुंडलीत एखाद्या गोष्टीचा योग आहे का, हे आधी. तो योग ज्या ग्रहांकडे आहे त्यांची दशा-अंतर्दशा चालू आहे का, हे नंतर. आणि त्या काळात शनी-गुरू त्या स्थानांना किंवा त्यांच्या स्वामींना स्पर्श करतात का, हे सगळ्यात शेवटी. नुसतं गोचर, म्हणजे ग्रहांचं आत्ताचं राशीभ्रमण, पाहिलं तर कुंभ राशीच्या तमाम लोकांचं भविष्य एकच ठरतं. नुसती दशा पाहिली तर शनी महादशेतल्या बुधाच्या अंतर्दशेसारखा २ वर्षं ८ महिन्यांचा पट्टा हाती लागतो आणि त्यात नेमकं कधी, याचं उत्तर नसतं. दशा विषय ठरवते, गोचर तारीख जवळ आणतं.

एक पत्रिका धरू. लग्न तूळ, चंद्र कुंभेत, शततारका नक्षत्राच्या बरोबर मध्यावर. शततारकेचा स्वामी राहू, त्याची १८ वर्षं, म्हणून जन्मवेळी ९ वर्षं शिल्लक. पुढे गुरूची १६, मग २५ व्या वर्षी शनी महादशा सुरू. शनीची स्वतःची अंतर्दशा ३ वर्षं ३ दिवस, त्यानंतर बुधाची. ही बुधाची अंतर्दशा १० फेब्रुवारी २०२५ ला लागली असं समजा. प्रश्न आहे परदेशी शिक्षणाचा.

अ‍ॅपचं राशीफळ इथे घाबरवतं, कारण २९ मार्च २०२५ ला शनी मीनेत गेला, म्हणजे चंद्रापासून दुसरा. पण लग्न तूळ असल्यामुळे शनी चौथ्या आणि पाचव्या स्थानांचा स्वामी, म्हणजे योगकारक, आणि दशाही त्याचीच. अंतर्दशेचा बुध नवम आणि व्यय स्थानांचा स्वामी आहे: उच्च शिक्षण आणि परदेश. मूळ पत्रिकेत बुध बरा असेल तर विषय दशेनेच ठरवून दिला. आता गोचर बघा. मीनेतल्या शनीची सातवी दृष्टी कन्येवर, म्हणजे व्ययस्थानावर. १४ मे २०२५ ला गुरू मिथुनेत आला, म्हणजे नवमस्थानात. बुधाच्या दोन्ही राशींना एकाच वेळी दोन संथ ग्रहांचा स्पर्श. चंद्रापासून मोजलं तर हाच गुरू पाचवा, तोही शुभ मानतात. साडेसाती आहेच, ती नाकारायची नाही. खर्च होईल, पण तो कशावर होईल हे दशेने सांगितलेलं आहे. व्ययस्थान तेच.

याहून बारीक जायचं तर प्रत्यंतर, म्हणजे अंतर्दशेचाही पोटभाग. बुधात बुधाचं प्रत्यंतर साधारण ४ महिने १७ दिवसांचं, म्हणजे २७ जूनच्या आसपास संपणारं. त्यामुळे १४ मे ते जूनअखेर हा सगळ्यात घट्ट काळ. पुढे ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात गुरू कर्केत गेला. तिथून त्याची दृष्टी मिथुन आणि कन्या या दोन्ही राशींवर पडत नाही, म्हणजे काम रेंगाळण्याचा काळ. वक्री होऊन तो ५ डिसेंबरला परत मिथुनेत आला, तेव्हा शुक्राचं, म्हणजे लग्नेशाचं प्रत्यंतर चालू होतं, ते फेब्रुवारी २०२६ च्या सुरुवातीपर्यंत. हा दुसरा काळ. पहिल्यात अर्ज आणि होकार, दुसऱ्यात अडकलेल्या कागदपत्रांची सुटका, असं वाचन कुणीही अनुभवी माणूस करेल. गुरू २ जून २०२६ ला पुन्हा कर्केत गेला की हा दुहेरी स्पर्श संपतो.

सुधारित मत: मध्यंतरी अपडेट आलं आणि दशा व गोचर एकाच कालरेषेवर, एकाखाली एक पट्टीत दिसू लागले. तेव्हा या अ‍ॅपला पाचपैकी पाच द्यावेत असं वाटलं होतं. आता दोनच देतो. कारण एकच, आणि ते सेटिंगमध्ये दडलेलं आहे: दशावर्ष, म्हणजे दशा मोजताना एक वर्ष किती दिवसांचं धरलं ते.

या अ‍ॅपमध्ये दशावर्ष मुळातच ३६० दिवसांचं लावलेलं येतं. ३६० दिवसांचं वर्ष मानणारी मंडळी आहेत, त्यांच्याशी भांडण नाही. पण बहुतेक ज्योतिषी ३६५.२५ दिवसांनी मोजतात आणि अहवालात कुठेही लिहिलेलं नाही की आकडे कोणत्या वर्षाचे आहेत. फरक दर वर्षाला सव्वापाच दिवसांचा. वरच्या पत्रिकेत २८ वर्षांत तो जवळजवळ १४७ दिवस होतो. म्हणजे बुधाची अंतर्दशा फेब्रुवारी २०२५ ऐवजी सप्टेंबर २०२४ ला लागते आणि बुधाचं प्रत्यंतर जानेवारी २०२५ च्या अखेरीस संपतं. तेव्हा गुरू मिथुनेत आलेलाच नसतो, शनीही मीनेत नसतो. गोचराच्या तारखा आकाशातल्या, त्या हलत नाहीत. दशेच्या मात्र पाच महिने सरकल्या. एकाखाली एक सुंदर पट्ट्या दिसतात आणि त्या जुळतच नाहीत. वापरणाऱ्याला वाटतं योगच नव्हता.

हे ओळखायचं कसं? गुरू महादशेची सुरुवात आणि शेवट बघा. १६ वर्षांनी तीच तारीख आणि तोच महिना यायला हवा, एखाद्या दिवसाचा फरक चालेल. शेवट ८४ दिवस आधी पडत असेल तर वर्ष ३६० चं आहे. आधी हे तपासा, मगच पुढचं वाचा. अयनांश, म्हणजे राशिचक्राचा आरंभ कुठे धरला आहे, तोही बघून घ्या. लाहिरी आणि रमण यांत जवळपास दीड अंशाचा फरक आहे, म्हणजे दशेच्या तारखा वर्ष-दीड वर्षाने, मोठ्या दशेत त्याहूनही जास्त सरकतात.

सेटिंग बरोबर असूनही एक मर्यादा राहते, तिला अ‍ॅप जबाबदार नाही. चंद्र १० मिनिटांत सरासरी साडेपाच कला चालतो आणि नक्षत्र ८०० कलांचं. राहूच्या १८ वर्षांत तेवढ्याने ४५ दिवसांचा फरक पडतो. जन्मवेळ १० मिनिटं उशिराची निघाली तर वरचं बुध प्रत्यंतर मेच्या मध्यावरच संपतं आणि तो घट्ट काळ जवळपास नाहीसा होतो. म्हणून वेळ नातेवाइकांच्या आठवणीवर असेल तर अंतर्दशेपर्यंतच थांबायचं आणि बाकीचं गुरू-शनीच्या राशिबदलावर सोडायचं. अशा पत्रिकेला हे अ‍ॅप दिवसाचा सूक्ष्म दशांचा तक्ता देतं, तो उघडूसुद्धा नये.

आणखी एक सवय लावून घेतली तर बरं. जुळणारा काळ आधी लिहून ठेवा, महिन्यासकट. घटना घडून गेल्यावर पट्ट्या पाहायला बसलं तर दृष्टी, स्वामी, नक्षत्र यांतलं काही ना काही नेहमीच जुळतं, आणि मग चुकलेलं भाकीतही बरोबर ठरवता येतं. अ‍ॅपमध्ये टीप लिहायची सोय आहे, पण टिपेवर तारीख पडत नाही, ती हाताने टाकावी लागते.

सेवा केंद्राला दशावर्षाबद्दल विचारलं तर "आपली कुंडली अचूक आहे" एवढंच छापील उत्तर येतं. अहवालाच्या पहिल्या पानावर दशावर्ष आणि अयनांश, या दोन ओळी छापेपर्यंत पुढच्या वर्षाचे पैसे भरणार नाही. मोफत आवृत्तीत सेटिंग बदलून दशेचा तक्ता मिळतो, गोचरासाठी पंचांग आहेच.