‘भावना दुखावल्या असतील तर...’ आणि जबाबदारी घेणारी माफी: दोन्ही शेजारी ठेवून

समोर आलेली माफी स्वीकारायची की नाही हे ठरवताना आपण बहुतेक वेळा सूर बघतो. आवाज नरम होता का, डोळ्यांत पाणी होतं का, हात जोडले होते का. माझ्या मते सूर सगळ्यात शेवटी बघावा. आधी नुसतं वाक्य बघावं: कुणी, काय, कुणाला केलं, हे त्यात आहे का?

हा फरक स्पष्ट दिसावा असं एक उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. एकच अन्याय, एकच संसद आणि साडेआठ वर्षांच्या अंतराने मांडलेले दोन ठराव.

साधारण १९१० ते १९७० या काळात तिथल्या सरकारी यंत्रणांनी आदिवासी कुटुंबांतली मुलं आईबापांपासून तोडून वसतिगृहांत, मिशनांत आणि गोऱ्या कुटुंबांत नेऊन ठेवली. हे कायद्याने चाललं होतं. १९९७ साली मानवी हक्क आयोगाचा या विषयावरचा चौकशी अहवाल संसदेत आला. दहातल्या एका ते तिनातल्या एका आदिवासी मुलाच्या वाट्याला हे आलं असावं, असा त्यातला अंदाज होता. अहवालाने माफीची मागणी केली, पण नुसत्या माफीची नव्हे. झालेलं कबूल करा, माफी मागा, पुन्हा होणार नाही याची हमी द्या, जे परत देता येईल ते द्या, माणसांना उभं राहायला मदत करा आणि भरपाई द्या, अशी ती एकत्र मागणी होती.

पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी २६ ऑगस्ट १९९९ रोजी ठराव मांडला. त्याच्या मुख्य वाक्याचा आशय असा: मागच्या पिढ्यांच्या प्रथांखाली आदिवासी ऑस्ट्रेलियनांना अन्याय सोसावा लागला याबद्दल, आणि त्या प्रथांमुळे अनेकांना आजही जी वेदना जाणवते तिच्याबद्दल, हे सभागृह मनापासून खेद व्यक्त करतं.

पंतप्रधान केविन रड यांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी जो ठराव मांडला त्याचा आशय असा: एकामागून एक आलेल्या संसदांनी आणि सरकारांनी केलेल्या ज्या कायद्यांनी आणि धोरणांनी आमच्या या देशबांधवांना खोल दुःख दिलं, त्यांच्याबद्दल आम्ही माफी मागतो. मुलांना त्यांच्या कुटुंबांपासून, समाजापासून आणि भूमीपासून तोडल्याबद्दल विशेष करून माफी मागतो. आई, वडील, भाऊ, बहिणी, सगळ्यांची, कुटुंबं मोडल्याबद्दल.

आता दोन्ही पुन्हा वाचा. पहिल्यात ‘अन्याय’ आहे, पण कुठला ते नाही. परक्या माणसाच्या हाती नुसतं ते वाक्य दिलं तर मुलं उचलून नेली होती हे त्याला कळणारच नाही. अन्याय करणारे कोण, तर ‘मागच्या पिढ्या’, म्हणजे आज हजर नसलेली माणसं. आणि अन्याय झाला कशाने, तर ‘प्रथां’नी, जणू कुणी कायदा केलाच नव्हता. दुसऱ्यात कृत्य उघड आहे, ज्यांच्यावर ते झालं ती नाती एकेक करून घेतली आहेत, आणि करणारी संस्था तीच आहे जी आत्ता बोलते आहे. भाषणात रड यांनी हे आणखी सोडून सांगितलं. ज्यांनी कायदे राबवले त्यांच्यावर अंतिम जबाबदारी येत नाही. ते कायदे करणाऱ्या संसदा जबाबदार आहेत, दोष कायद्यांतच होता. खालच्या माणसावर ढकलायची सोय त्यांनी स्वतःहून बंद केली. ही माफी बिनशर्त आहे, हेही त्यांनी उच्चारून सांगितलं.

हॉवर्ड यांची बाजूही नीट समजून घ्यायला हवी. त्यांनी १९९७ मध्ये वैयक्तिक दुःख व्यक्त केलं होतं, आणि ते खोटं होतं असं मी म्हणणार नाही. आजच्या पिढीने, जिच्या हातात काहीच नव्हतं अशा गोष्टींचा दोष घ्यावा, हे त्यांना मान्य नव्हतं. १९९९ च्या ठरावाची भाषा ठरवण्यात सिनेटर एडन रिजवे या आदिवासी नेत्याचा हात होता. त्यांना ती एक पायरी वाटली. म्हणजे असा मजकूर निरर्थक असतोच असं नाही. तो खेद आहे. खेद म्हणून घेतला तर ठीक, पण माफी म्हणून तो चालवून घेतला की ज्याचं नुकसान झालं त्याची मागणी परस्पर निकालात निघते.

रड यांच्या भाषणात एक प्रसंग आहे. नाना नंगाला फेजो या वृद्ध आदिवासी बाईंची कहाणी त्यांनी सभागृहाला सांगितली. १९३२ च्या सुमारास, त्या चारेक वर्षांच्या असताना, टेनंट क्रीकजवळच्या त्यांच्या वस्तीवर सरकारी माणसं येणार याची कुणकुण होती. घरच्यांनी ओढ्याच्या काठात खड्डे खणून ठेवले होते, मुलांना लपायला. गोऱ्या माणसांनी सोबत एक आदिवासी गुराखी आणला होता. त्याने मुलं शोधून काढली. ट्रकमध्ये घातलेल्या मुलांसाठी आई ट्रकच्या बाजूला लोंबकळत रडत होती. पुढे कित्येक दशकांनी तोच गुराखी फेजोबाईंना शोधत आला, आपल्या हातून झालेल्याची माफी मागायला, आणि त्यांनी त्याला माफ केलं. त्या सगळ्या यंत्रणेत सर्वांत कमी अधिकार असलेला माणूस तो. ‘मला हुकूम होता’ हे त्याच्या बाबतीत खरंही ठरलं असतं. तरी तो स्वतः आला, जिचं नुकसान केलं तिच्याकडे.

हाच फरक आपल्याकडच्या रोजच्या व्यवहारात कसा दिसतो ते पाहू. समजा एका क्लासच्या सरांनी फी थकलेल्या तीन मुलांची नावं सगळ्या पालकांच्या ग्रुपवर टाकली. दुसऱ्या दिवशी मुलं क्लासला जायला तयार नाहीत. पालक चिडले. सरांचा मेसेज दोन तऱ्हांनी येऊ शकतो.

एक: ‘कालच्या मेसेजमुळे कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर आम्ही दिलगीर आहोत. कुणालाही दुखावण्याचा आमचा हेतू नव्हता. कृपया विषय इथेच थांबवावा.’

दोन: ‘काल मी तीन मुलांची नावं फी थकल्याचं सांगत सगळ्यांसमोर टाकली. हे माझं चुकलं. फीचा प्रश्न पालकांचा आणि माझा होता, मुलांना त्यात ओढायला नको होतं. मेसेज काढलाय. तिन्ही घरी आज मी स्वतः फोन करतोय. यापुढे फीबद्दल फक्त त्या पालकांशीच बोलेन. वर्गात कुणी या मुलांना चिडवलं तर मला कळवा.’

पहिल्या मेसेजमधला ‘तर’ बघा. नावं टाकली गेली ही घटना आहे, तिला जर-तर लागू होत नाही. शर्त लावली आहे ती पालकांच्या भावनांना. म्हणजे ज्याला वाईट वाटलं नसेल त्याच्यापुरतं काहीच चुकलेलं नाही, आणि ज्याला वाटलं त्याचं मन जरा हळवं आहे. दोष अलगद सरकून ज्याचं नुकसान झालं त्याच्या पदरात पडतो. म्हणून असा मेसेज वाचून राग शांत होण्याऐवजी वाढतो, आणि वर लोक म्हणतात, ‘अहो, सॉरी म्हणाले ना ते!’ हेतूचंही तसंच. हेतू नव्हता हे खरं असू शकतं, पण मुलाने वर्गात खाली घातलेली मान हेतूने वर येत नाही.

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माफीचे सहा घटक वेगळे काढून लोकांना वाचायला दिले होते: खेद, काय बिघडलं याचा खुलासा, जबाबदारीची कबुली, पश्चात्ताप, भरपाईची तयारी आणि क्षमेची विनंती. वाचणाऱ्यांना सर्वांत महत्त्वाची वाटली जबाबदारीची कबुली, तिच्याखालोखाल भरपाईची तयारी. सर्वांत कमी वजन पडलं ते ‘मला माफ करा’ या विनंतीला. सरांच्या दुसऱ्या मेसेजमध्ये ती विनंती नाहीच, आणि तिची उणीवही भासत नाही.

इथे दोन ठिकाणी फसायला होतं. एक म्हणजे ‘मी पूर्ण जबाबदारी घेतो’ हे वाक्य. ऐकायला भारदस्त आहे, पण कशाची जबाबदारी ते पुढेमागे कुठेच नसेल तर तो पहिल्याच जातीचा मजकूर आहे. उलट ‘चुकलं हो माझं, तुमचे पैसे मी वापरायला नको होते, एक तारखेला देतो’ हे घाईत, अडखळत म्हटलेलं वाक्य पूर्ण माफी आहे. मोठ्या पत्राला भुलू नका, तोडक्या बोलण्याला कमी लेखू नका.

दुसरं म्हणजे, कधीकधी माणसाला खरोखरच अजून माहीत नसतं. रुग्णालयात काही बिघडलं, चौकशी चालू आहे, अशा वेळी डॉक्टर ‘तुमच्यावर जे ओढवलं त्याचं मला फार वाईट वाटतं’ म्हणाले तर ती पळवाट नसून सहानुभूती असू शकते. त्यातच ‘काय झालं ते आम्ही शोधतोय आणि अमुक दिवसापर्यंत तुम्हाला सांगू’ असं असेल तर थांबावं. तारीख नसेल तर मागून घ्यावी. कोर्टकचेरीची भीती हेही मोघमपणाचं एक कारण असतं. म्हणूनच कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००६ साली कायदा केला, की माफी मागितली म्हणून ती दिवाणी दाव्यात दोषाची कबुली धरली जाणार नाही. तुमच्या समोरच्या माणसाला ही भीती असेल तर तो लेखी लिहायला कचरेल, पण समोरासमोर बसून काय झालं ते सांगायला तयार होईल. तेही नाकारत असेल तर अंदाज बांधायला हरकत नाही.

ठरवताना मला सर्वांत उपयोगी वाटतं ते एक साधं उलट विचारणं: ‘नक्की कशाबद्दल माफी मागताय?’ भांडायच्या सुरात नको, खरंच विचारायचं. ज्याला जबाबदारी घ्यायची आहे पण शब्द सुचले नव्हते, तो या प्रश्नावर थांबतो आणि कृत्याचं नाव घेतो. ज्याला विषय संपवायचा होता, तो म्हणतो, ‘सॉरी म्हटलं ना, आता अजून काय करू?’ तुम्हाला उत्तर मिळालेलं असतं. लगेच ‘ठीक आहे’ म्हणायची सक्ती तुमच्यावर नाही. संबंध टिकवायचा म्हणून पहिल्या प्रकारच्या मजकुरावर गप्प बसायचं ठरवलंत तर तोही तुमचा अधिकार आहे. फक्त तेव्हा आपण सोडून देतोय, समोरच्याने मागितलेली माफी स्वीकारत नाही, हे स्वतःशी पक्कं असावं. नाहीतर तीच गोष्ट पुन्हा झाली की ‘मागच्या वेळी मिटलं होतं ना’ हे ऐकून घ्यावं लागतं.

आणि चांगल्या माफीनेही काम तिथे संपत नाही. रड यांच्या ठरावात वैयक्तिक भरपाई नव्हती आणि त्याबद्दल त्यांच्यावर त्याच दिवसापासून टीका झाली. टास्मानिया राज्याने २००६ साली कायदा करून ५० लाख डॉलरचा निधी बाजूला काढला होता; संघ सरकारने आपल्या थेट अखत्यारीतल्या प्रदेशांसाठी भरपाई योजना जाहीर केली ती २०२१ मध्ये, माफीनंतर तेरा वर्षांनी, दर माणशी ७५ हजार डॉलर. तोवर अनेक वृद्ध दगावले होते. त्याच काळात बालकल्याण यंत्रणेने घराबाहेर ठेवलेल्या आदिवासी मुलांची संख्या वाढत गेली. म्हणून वाक्य तपासून झालं की पुढच्या काही महिन्यांत काय होतं तेही बघावं: सरांनी तिन्ही घरी फोन केला का, आणि पुढच्या महिन्यात फी थकली तेव्हा मेसेज कुठे आला, ग्रुपवर की फक्त पालकांच्या फोनवर.