वर्षाचा आढावा व्हिडिओ: स्टुडिओवाल्याकडे द्यायचा की मोबाइलवर करायचा?

आमची छोटी संस्था देवगडच्या बाजूला डोळे तपासणीची शिबिरं घेते. देणगीदार बहुतेक चाकरमानी, त्यामुळे गणपतीला ते गावी येण्याआधी वर्षभराच्या कामाचा अडीच मिनिटांचा व्हिडिओ तयार हवा असतो. एका वर्षी तो आम्ही लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओत करून घेतला, पुढच्या वर्षी मोबाइलवर स्वतः केला. तुमच्याही बैठकीत हाच वाद चालू असेल, तर दोन्हीकडे काय घडतं ते सांगतो.

स्टुडिओवाल्याचा हात सफाईदार. फोटोंचा रंग सारखा करणं, आवाजाची पातळी जुळवणं ही कामं तो एका संध्याकाळीत उरकतो. सवय मात्र लग्नाची. आमच्या पहिल्या कच्च्या प्रतीत मोतीबिंदूच्या रुग्णांवर गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या आणि मागे सिनेमातलं गाणं. असं गाणं ठेवून यूट्यूबवर टाकलं की हक्काचा दावा लागतो, कधी व्हिडिओच अडवला जातो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं साधं संगीत घ्यायला सांगा.

खरी अडचण आली ती दुरुस्तीत. आम्ही एप्रिलमध्ये तिन्ही शिबिरांच्या वह्यांची बेरीज करून ‘२८६ जणांची तपासणी’ असं लिहून दिलं. पुढे हिशेब तपासताना खजिनदारांनी नावं जुळवली, तेव्हा कळलं की ४५ जण दोनदा आले होते. तपासण्या २८६, माणसं २४१. आकडा पडद्यावरही होता आणि निवेदनातही. स्टुडिओने तयार फाइल दिली होती, पण जागा हवी म्हणून मूळ प्रोजेक्ट पुसला होता. त्यात लग्नसराई. एका आकड्यासाठी पाच आठवडे गेले. मोबाइलवर हेच काम दहा मिनिटांचं असतं.

पण मोबाइलवर दुसरीकडे दमछाक होते, ती फोटोंत. आमचे फोटो सहा कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सॲपवर विखुरलेले. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो आणि त्यातली काढल्याची तारीख निघून जाते. फाइलचं नाव IMG-20240715-WA0003.jpg असं दिसलं, तर १५ जुलै हा तो फोटो व्हॉट्सॲपवरून आल्याचा दिवस असतो, शिबिराचा असेलच असं नाही. आम्ही नावावरून लावले आणि पावसाळ्यातल्या शिबिरात आंब्याच्या पेट्या दिसायला लागल्या! ज्याने फोटो काढला त्याच्याकडूनच ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. मूळ फाइल तारखेसकट येते.

मग सुरुवात फोटोंपासून करायची की आवाजापासून? फोटो आधी रचले की प्रत्येक कार्यकर्त्याला आपला फोटो हवा असतो आणि व्हिडिओचा अल्बम होतो. आम्ही आधी आवाज लावला. एका आजींनी सांगितलं होतं, “आता माका सुयेत दोरो ओवूक येता.” हे वाक्य सुरुवातीलाच घेतलं, खाली प्रमाण मराठीत ओळ दिली, आणि त्यानंतर आकडा आणला: या वर्षी ३८ शस्त्रक्रिया. आजींचं वाक्य आम्ही सुधारलं नाही. ‘मला सुईत दोरा ओवता येतो’ असं निवेदकाने वाचलं असतं तर ते कुणाचंच राहिलं नसतं. अडीच मिनिटांना निवेदन तीनशे शब्दांच्या आतच बसतं, आणि फोटोला तीन-चार सेकंद धरले तर चाळीसेक फोटो पुरतात. बाकीचे अल्बमसाठी ठेवा.

आवाज मात्र मोबाइलवर नंतर सुधारत नाही. पत्र्याच्या पडवीत पाऊस सुरू असताना घेतलेली मुलाखत कुठल्याच ॲपने वाचली नाही. घराच्या आतल्या खोलीत, पंखा बंद करून, फोन हातभर अंतरावर धरून बोलतं करा. चेहरा आणि आवाज व्हिडिओत वापरायची परवानगीही तेव्हाच विचारून घ्या. नंतर पुन्हा वाडीवर जावं लागतं. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर पालकांची परवानगी लागते.

अक्षरांची भानगड दोन्हीकडे आहे. काम देण्याआधी किंवा ॲप निवडण्याआधी ‘शेतकऱ्यांच्या शस्त्रक्रिया’ एवढं लिहून बघा. ‘ऱ्य’ तुटला किंवा ‘स्त्र’चे तुकडे पडले, तर पुढे प्रत्येक पाटीवर तेच होणार.

माझं मत विचाराल तर संस्थेत मोबाइल चालवणारं एखादं चिकाटीचं माणूस असेल आणि मुलाखती नीट ध्वनिमुद्रित असतील, तर स्वतः करा. मुलाखती कागदावरच असतील, किंवा आवाजात वारा-पाऊस घुसला असेल, तर स्टुडिओ बरा, पण एप्रिल-मेमध्ये नको. आषाढात लग्नं थांबतात, तो मोकळा असतो आणि तोवर ३१ मार्चपर्यंतचे आकडेही जुळलेले असतात.

आम्ही या वर्षी दोन्ही करतोय. क्रम आणि कच्ची जुळणी मोबाइलवर, आवाज स्टुडिओत. जुलैची तारीख मिळाली आहे. फोटोंसोबत एक रिकामा पेनड्राइव्हही देणार आहोत, प्रोजेक्टचं सगळं फोल्डर त्यात परत घ्यायला.