मेल ‘पाठवल्याच्या’ तारखेने लावायचे की ‘मिळाल्याच्या’?

रावपुऱ्यात आमच्या अकाउंट्सच्या ऑफिसात हा वाद दर महिन्याला निघतो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. थंडरबर्डमध्ये दोन कॉलम आहेत, Date आणि Received. पहिल्यातली वेळ पाठवणाऱ्याचं मशीन घालतं, दुसऱ्यातली मेल पोचवणारा सर्व्हर. दोन्ही वेगवेगळ्या घड्याळांवर चालतात आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आमच्या एका पार्टीने जानेवारीत नवीन पीसी घेतला, विंडोज टाकली, टाइमझोन अमेरिकेचा पॅसिफिकच राहिला आणि तिथल्या मुलाने झोन न बदलता घड्याळाचे काटेच पुढे करून दिले, म्हणजे स्क्रीनवर वेळ बरोब्बर पण झोन चुकीचा. त्यांचं इन्व्हॉइस आलं, Ctrl+U दाबून बघितलं तर हे:

```
Received: ...; Mon, 12 Jan 2026 16:11:08 +0530
Date: Mon, 12 Jan 2026 16:10:52 -0800
```

वेळ तीच, फक्त शेवटचा आकडा बघा. -0800 म्हणजे आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे, म्हणून प्रोग्रॅम तिचा हिशोब १३ तारखेच्या पहाटे ५:४० असा करतो. Date ने लावलेल्या यादीत हा मेल दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत सगळ्यात वर ठाण मांडून बसतो आणि संध्याकाळचे खरे नवे मेल त्याच्या खाली जातात. Received ने लावलं की तो आपल्या जागी, सव्वाचारच्या आसपास. फरक असा तासांमध्ये नेमका दिसला तर झोन तपासायला सांगा, वर्षंच्या वर्षं मागे गेला (स्कॅनरवरून येणाऱ्या मेलमध्ये हे खूप होतं) तर त्या मशीनची तारीखच सेट नाहीये.

उलटा प्रकार जास्त वाईट, कारण तो कळतच नाही. कोणी ट्रेनमध्ये सकाळी ११:२० ला सेंड दाबलं, नेटवर्क नव्हतं, मेल आउटबॉक्समध्ये पडून राहिला आणि ३:४५ ला निघाला. काही ॲप तारीख सेंड दाबल्याचीच ठेवतात, मग Date च्या यादीत तो तुम्ही आधीच वाचून झालेल्या मेलांच्या मध्ये जाऊन घुसतो आणि वर काही नवीन दिसतच नाही. म्हणून रोजच्या इनबॉक्सला मी Received च सांगते, आणि ठामपणे सांगते.

पण एक जागा आहे जिथे मिळाल्याची तारीख दगा देते. जुनं अकाउंट नव्या सर्व्हरवर हलवलं आणि कॉपी करणाऱ्या टूलने मूळ वेळ सोबत नेली नाही, तर सर्व्हर सगळ्या मेलांवर हलवल्याच्या दिवसाचीच वेळ मारतो, आणि जो प्रोग्रॅम ‘मिळाल्याची तारीख’ म्हणून सर्व्हरची ही वेळ दाखवतो त्यात पाच वर्षांचे मेल एकाच दुपारचे दिसायला लागतात. Date मेलच्या आत लिहिलेली असते, ती शाबूत राहते. असे जुने फोल्डर Date नेच लावा. थंडरबर्डमध्ये प्रत्येक फोल्डरचं सॉर्टिंग वेगळं ठेवता येतं, त्यामुळे इनबॉक्स एक आणि जुनी वर्षं दुसरी, दोन्ही एकत्र चालतं.