शॉवरला आखूड आर्म की लांब आर्म?

इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये आई चार फूट अकरा इंच, भाऊ सहा फूट एक. शॉवरला भिंतीपासून पुढे धरणारी नळी म्हणजे आर्म, जुना नऊ इंची. पाणी भिंतीपासून लांब पडावं म्हणून शॉवर तीस अंश तिरका केलेला. तिरकी धार जितकी खाली जाते तितकी पुढे सरकते, आणि दोघांच्या डोक्यांत चौदा इंचांचं अंतर, म्हणजे धार आठ इंच पुढे. भावाच्या तोंडावर फवारा, आईला मात्र पाऊलभर पुढे यावं लागे.

आता पंधरा इंची आर्म लावलाय आणि शॉवर सरळ खाली. सरळ धार उंचीप्रमाणे सरकत नाही, दोघं एकाच फरशीवर उभे राहतात. शॉवरची जाळी जमिनीपासून सहा फूट सात इंचांवर ठेवली, भावाच्या डोक्यावर सहा इंच मोकळे. आणखी वर नेला असता तर वरच्या मजल्यावर टाकीचा आधीच कमी असलेला दाब आणखी घटला असता.

लांब आर्मचा भार भिंतीतल्या एल्बोवर, म्हणजे पाइपच्या काटकोनी जोडावर येतो. एल्बो पितळीच घ्या, शॉवर हलका. आर्म हाताने हलत असेल किंवा कव्हरपाशी भिंत ओलसर दिसली, तर आटे सुटताहेत. समोरची भिंत जवळ आणि जागा अरुंद असेल, तर मात्र आखूडच बरा.